फोटोत पुसलेलं वजा चिन्ह

बारावीच्या रसायनशास्त्राची गणितं हल्ली वहीपेक्षा फोनवरून जास्त फिरतात. क्लासच्या नोट्सचं पान कुणीतरी दिव्याखाली धरून टिपतं, तो फोटो ग्रुपवर पडतो, तिथून दुसऱ्या ग्रुपवर जातो, आणि दर वेळी थोडा अधिक धूसर होतो. इतिहासाचा प्रश्न असा धूसर झाला तरी वाचता येतो, कारण एखादं अक्षर गेलं तरी वाक्य कळतं. उष्णतेच्या गणितात तसं होत नाही. तिथे केसाएवढी आडवी रेघ गेली, की उत्तर हजारो किलोज्यूलनी चुकतं.

असाच एक नेहमी भेटणारा प्रश्न घेऊ. थोड्याफार फरकाने तो बऱ्याच पाठ्यपुस्तकांत आणि प्रश्नसंचांत सापडतो. तीन अभिक्रिया आणि त्यांची एन्थाल्पी दिलेली असते:

(1) C(ग्रॅफाइट) + O₂(g) → CO₂(g)  ΔH = −393.5 kJ

(2) H₂(g) + ½O₂(g) → H₂O(l)  ΔH = −285.8 kJ

(3) 2C₂H₂(g) + 5O₂(g) → 4CO₂(g) + 2H₂O(l)  ΔH = −2598.8 kJ

आणि विचारलेलं असतं, की यावरून पुढच्या अभिक्रियेची एन्थाल्पी काढा:

2C(ग्रॅफाइट) + H₂(g) → C₂H₂(g)

C₂H₂ म्हणजे अ‍ॅसिटिलीन, गॅस वेल्डिंगच्या दुकानात जळतो तो वायू. प्रश्न विचारतो, की कार्बन आणि हायड्रोजन या मूलद्रव्यांपासून एक मोल अ‍ॅसिटिलीन तयार करायचा झाला, तर उष्णता बाहेर पडेल की द्यावी लागेल, आणि किती?

वर छापलंय तसं स्वच्छ फोटोत दिसत नाही. पुस्तकाच्या डाव्या पानावर ओळीचं उजवं टोक बांधणीच्या खळगीत जातं, आणि ΔH चे आकडे नेमके तिथेच असतात. तिथे सावली पडते, कागद वळतो, शेवटचा अंक अर्धा दिसतो. वजा चिन्ह ही पानावरची सगळ्यात बारीक खूण, त्यामुळे फोटो दाबून लहान झाला की ती आधी पुसली जाते. ½ चा डाग होतो. C₂H₂ मधले पायाशी बसलेले आकडे 2 आहेत, 4 आहेत की 6, ते कळत नाही. ते 4 असतील तर वायू इथिलीन, 6 असतील तर इथेन. द्रवासाठी लिहिलेलं कंसातलं l हे अक्षर 1 सारखं दिसतं.

म्हणून पेन हातात घेण्याआधी फोटो नीट वाचायचा, आणि या वाचनात रसायनशास्त्रच मदतीला येतं. बाणाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे असायलाच हवेत. तिसरं समीकरण पाहा. उजवीकडे चार CO₂ आणि दोन H₂O आहेत, म्हणजे कार्बनचे चार अणू आणि हायड्रोजनचेही चार. ते सगळे डावीकडच्या दोन रेणूंतून आले आहेत, तेव्हा एका रेणूत दोन कार्बन आणि दोन हायड्रोजन. म्हणजे तो C₂H₂ च. इथिलीनही नाही आणि इथेनही नाही. ऑक्सिजनचे उजवीकडे आठ आणि दोन मिळून दहा अणू, म्हणून डावीकडे 5O₂. दुसऱ्या समीकरणातल्या डागाचंही असंच. पाण्याच्या एका रेणूत ऑक्सिजनचा एकच अणू आहे, तर डावीकडे O₂ चा अर्धाच मोल हवा. तिथे ½ शिवाय दुसरं काही बसूच शकत नाही.

अणूंची मोजणी बाणाच्या दोन्ही बाजू अशा परत मिळवून देते. ΔH च्या आकड्याबद्दल मात्र ती एक अक्षर बोलत नाही. समीकरण अचूक असेल आणि शेजारचा आकडा चुकीचा वाचला असेल, तर अणू काहीच तक्रार करणार नाहीत. या प्रकारच्या गणितात जे घोटाळे होतात, त्यांतले बहुतेक याच फटीतून शिरतात. समीकरणाच्या बाजूला स्वतःची राखण आहे, आकड्यांच्या बाजूला नाही.

वजा चिन्हापुरता एक आधार आहे. वरची तिन्ही समीकरणं ज्वलनाची आहेत: कार्बन जळतो, हायड्रोजन जळतो, अ‍ॅसिटिलीन जळतो. जळताना उष्णता बाहेर पडते आणि बाहेर पडणाऱ्या उष्णतेला रसायनशास्त्रात वजा चिन्ह देतात, कारण अभिक्रिया करणाऱ्या पदार्थांकडून ती गेलेली असते. तेव्हा तिसऱ्या ओळीत फोटोने 2598.8 असं नुसतंच दाखवलं, तरी तिथे वजा होतं हे खात्रीने सांगता येतं. अंकाला मात्र असा आधार नाही. 2598.8 मधला शेवटचा 8 खळगीत गेला असेल, तर अंदाजाने तो भरू नये. पान सपाट करून, बाजूने उजेड घेऊन दुसरा फोटो मागवावा. काही मुलं पर्यायांतलं एक उत्तर धरून उलटा हिशेब करतात आणि हरवलेला अंक शोधून काढतात. पण तसं केलं की जे उत्तर तपासायचं होतं तेच आपण गृहीत धरलेलं असतं.

आता मुख्य प्रश्न. दोन समीकरणांची बेरीज केली तर त्यांच्या उष्णतेचीही बेरीज करता येते, हे कशावरून?

ही गोष्ट कागदावर सुचलेली नाही, ती प्रयोगातून आली. जर्मेन हेन्री हेस यांचा जन्म 1802 साली जिनिव्हात झाला. लहानपणीच ते रशियात आले, तिथे वैद्यकीचं शिक्षण घेतलं आणि पुढे सेंट पीटर्सबर्गमध्ये रसायनशास्त्राकडे वळले. सल्फ्युरिक आम्लात पाणी मिसळलं की ते तापतं, हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. हेस यांनी आम्लात वेगवेगळ्या प्रमाणात पाणी घातलं, दर वेळी बाहेर पडलेली उष्णता मोजली, आणि मग त्या विरळ आम्लाचं अमोनियाने उदासिनीकरण करून ती उष्णताही मोजली. आधी जास्त पाणी घातलं की पहिल्या पायरीला जास्त उष्णता बाहेर पडे आणि दुसऱ्या पायरीला तेवढीच कमी. दोन्हींची बेरीज मात्र प्रत्येक वेळी जवळजवळ तीच येई. सुरुवात कशाने झाली आणि शेवटी काय उरलं यावर एकूण उष्णता ठरते, मधल्या पायऱ्यांवर नाही, हा निष्कर्ष त्यांनी 1840 मध्ये मांडला. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मायर, जूल आणि हेल्महोल्ट्झ यांच्या कामातून पुढच्या काही वर्षांत उभा राहिला. हेस यांचं मोजमाप त्याच्याही आधीचं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आज आपण म्हणतो, की एन्थाल्पी हा पदार्थाच्या अवस्थेचा गुण आहे. ठरावीक तापमानाला आणि दाबाला असलेल्या एक मोल द्रव पाण्याची एन्थाल्पी तीच असते, मग ते पाणी हायड्रोजन जाळून मिळालेलं असो वा अ‍ॅसिटिलीन जाळून. म्हणून बेरीज चालते. उलटवणंही चालतं. CO₂ तयार होताना 393.5 किलोज्यूल बाहेर पडत असतील, तर CO₂ मोडून पुन्हा कार्बन आणि ऑक्सिजन मिळवायला नेमके तेवढेच द्यावे लागतील. आकडा तोच, चिन्ह उलट. लाव्हाझिए आणि लाप्लास या फ्रेंच जोडीने हे तत्त्व हेस यांच्याही आधी, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडलं होतं. गुणाकाराचं कारण तर अगदी सरळ आहे. दुप्पट कोळसा जाळला की दुप्पट उष्णता मिळते.

पण इथे एक गोष्ट बारकाईने पाहायला हवी. समीकरणाशेजारचा आकडा त्या संपूर्ण समीकरणाचा असतो, जसं लिहिलंय तसं. तिसऱ्या समीकरणातले 2598.8 किलोज्यूल हे दोन मोल अ‍ॅसिटिलीन जळल्याचे आहेत, एका मोलाचे नाहीत. हे विसरलं की पुढचं सगळं गणित बरोबर करूनही उत्तर चुकतं.

मग थेट कार्बन आणि हायड्रोजन एकत्र करून उष्णता का मोजत नाहीत? ही अभिक्रिया थेट करून झालेली आहे. फ्रान्सचे मार्सेलिन बर्थलो यांनी 1862 मध्ये हायड्रोजनच्या प्रवाहात कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेचा आर्क पेटवला आणि त्यातून अ‍ॅसिटिलीन मिळवला. म्हणजे आपल्या प्रश्नातलं शेवटचं समीकरण त्यांनी अक्षरशः घडवून दाखवलं. पण त्या धगधगत्या आर्कमध्ये विजेची ऊर्जा किती गेली, कांड्या तापवण्यात किती गेली आणि अभिक्रियेला किती लागली, हे वेगळं काढणं शक्य नव्हतं. शिवाय थोडाच हायड्रोजन अ‍ॅसिटिलीनमध्ये बदलतो, बाकीचा तसाच राहतो. याउलट ज्वलन मोजणं सोपं आहे. पदार्थ भरपूर ऑक्सिजनमध्ये पूर्ण जळतो, तेही क्षणात, आणि पाण्यात बुडवलेल्या पोलादी भांड्यात ते घडवलं तर पाण्याचं तापमान किती चढलं यावरून उष्णता कळते. अशा बंद भांड्याचा कॅलरीमापी विकसित करण्यातही बर्थलोंचाच मोठा वाटा होता. जे मोजता येतं त्यावरून जे मोजता येत नाही ते काढायचं, यासाठी ही तीन समीकरणं दिलेली असतात.

आता गणिताला हात घालू. बरीच मुलं पहिल्या समीकरणापासून सुरुवात करतात आणि हे दुपटीने घेऊ का, ते उलटवू का, असं करून पाहत बसतात. त्याची गरज नाही. जे समीकरण मिळवायचंय त्यातला एकेक पदार्थ घ्यावा आणि तो दिलेल्या समीकरणांपैकी फक्त एकातच येतो का, ते पाहावं. कार्बन फक्त पहिल्यात आहे, हायड्रोजन फक्त दुसऱ्यात, अ‍ॅसिटिलीन फक्त तिसऱ्यात. म्हणजे तिन्ही समीकरणांचं काय करायचं, ते या तीन पदार्थांनीच ठरवलं. ऑक्सिजनकडे आता बघायचंही नाही. तो तिन्हींत आहे, त्यामुळे तो काहीच ठरवत नाही. शेवटी तपासणीला मात्र तोच कामी येईल.

आपल्याला डावीकडे दोन कार्बन हवेत. पहिल्या समीकरणात डावीकडे एक आहे, म्हणून ते दुप्पट करायचं:

2C + 2O₂ → 2CO₂  ΔH = 2 × (−393.5) = −787.0 kJ

हायड्रोजन डावीकडे एक मोल हवा आणि दुसऱ्यात तो तसाच आहे, तेव्हा ते जसंच्या तसं:

H₂ + ½O₂ → H₂O  ΔH = −285.8 kJ

अ‍ॅसिटिलीन उजवीकडे एक मोल हवा. तिसऱ्यात तो डावीकडे आहे आणि दोन मोल आहे. म्हणून समीकरण उलटवायचं आणि निम्मं करायचं. या एकाच ओळीत दोन कामं आहेत, आणि इथेच मुलं गडबडतात:

2CO₂ + H₂O → C₂H₂ + 5/2 O₂  ΔH = −½ × (−2598.8) = +1299.4 kJ

आता तिन्ही ओळींच्या डाव्या बाजू एकत्र आणि उजव्या बाजू एकत्र. डावीकडे 2C, H₂, अडीच मोल ऑक्सिजन, 2CO₂ आणि H₂O. उजवीकडे 2CO₂, H₂O, C₂H₂ आणि अडीच मोल ऑक्सिजन. CO₂ दोन्हीकडे दोन, ते गेले. पाणी दोन्हीकडे एक, तेही गेलं. ज्याच्याकडे आपण बघितलंच नव्हतं तो ऑक्सिजन, दोन आणि अर्धा मिळून डावीकडे अडीच, उजवीकडेही अडीच, तोही गेला. उरलं ते नेमकं प्रश्नातलं समीकरण. ऑक्सिजन आपल्या मदतीशिवाय आपोआप कटला, हीच गुणक बरोबर घेतल्याची खूण. तो कटला नाही, तर आकड्यांची बेरीज करायलाच जाऊ नये.

आता आकडे: −787.0 − 285.8 + 1299.4 = +226.6 kJ.

उत्तर अधिक आलं. इथे बरेच विद्यार्थी दचकतात, कारण दिलेले तिन्ही आकडे वजा होते. वजा आकड्यांच्या बेरजेतून अधिक कसं येईल, असं वाटून काही जण चिन्ह बदलूनही टाकतात. पण एक आकडा उलटवल्यामुळे अधिक झाला होता आणि तो बाकीच्या दोघांपेक्षा मोठा होता.

बहुपर्यायी प्रश्न असेल, तर चुकीचे पर्याय बहुधा याच ठेचांमधून तयार केलेले असतात. उलटवायला विसरलात, निम्मं मात्र केलंत, तर −2372.2 येतं. उलटवलंत पण निम्मं करायला विसरलात, तर +1526.0. कार्बन दुप्पट करायचा राहिला, तर +620.1. आपलं चुकीचं उत्तर पर्यायांत दिसलं की विद्यार्थ्याला धीर येतो, म्हणूनच ते तिथे ठेवलेलं असतं. यांतल्या निम्मं करायला विसरण्याच्या आणि कार्बन दुप्पट न करण्याच्या चुका समीकरणाकडे पाहिलं तर लगेच पकडल्या जातात, कारण ऑक्सिजन कटत नाही. उलटवण्याचं विसरणंही पकडलं जातं, कारण अ‍ॅसिटिलीन डावीकडेच उरतो. पण एक प्रकार यातून निसटतो: समीकरण नीट उलटवलं आणि शेजारच्या आकड्याचं चिन्ह बदलायचं राहिलं, किंवा फोटोत वजा दिसलं नाही म्हणून +2598.8 वाचून ते इमानाने उलटवलं. दोन्ही वेळा उत्तर तेच, −2372.2, आणि डावी-उजवी बाजू मात्र सुंदर कटलेली. पदार्थांचा हिशेब चोख, आकडा साफ चुकलेला.

यावर माझ्या मते एकच सवय उपयोगाची आहे. समीकरणाच्या आधी, ओळीच्या सुरुवातीलाच, गुणक लिहायचा: पहिल्यासाठी +2, दुसऱ्यासाठी +1, तिसऱ्यासाठी −½. उलटवणं म्हणजे −1 ने गुणणं, इतकंच. मग समीकरण आणि आकडा, दोन्ही त्याच एका गुणकाने गुणायचे. उलटवणं हे वेगळं काम राहत नाही, त्यामुळे अर्धं करून सोडून देण्याचा प्रश्नच येत नाही. आणि दिलेले आकडे उतरवताना त्यांची चिन्हं कंसात, जशी आहेत तशी ठेवायची. मनातल्या मनात चिन्ह फिरवून उतरवायचं नाही.

उत्तर आल्यावर त्याचं चिन्ह खरं आहे का, हे पाहण्याची एक वेगळी वाट आहे आणि ती मला हेसच्या नियमाचा गाभा वाटते. दोन मोल कार्बन आणि एक मोल हायड्रोजन सुटे सुटे जाळले, तर 787.0 आणि 285.8 मिळून 1072.8 किलोज्यूल उष्णता मिळते. तेच अणू अ‍ॅसिटिलीनच्या रूपात जाळले, तर 1299.4 मिळतात. जळून शेवटी उरतं ते दोन्हीकडे अगदी तेच: दोन मोल CO₂ आणि एक मोल पाणी. मग अ‍ॅसिटिलीनकडून 226.6 किलोज्यूल जास्त कुठून आले? ते त्याच्यात आधीपासून साठलेले होते. म्हणून तो तयार करताना तेवढी ऊर्जा घालावी लागते, आणि चिन्ह अधिकच हवं. आता मिथेन घ्या. एक मोल कार्बन आणि दोन मोल हायड्रोजन सुटे जाळले तर 965.1 किलोज्यूल मिळतात, तर मिथेन जाळून फक्त 890.3. तिथे 74.8 कमी पडतात, कारण मिथेन तयार होतानाच तेवढे बाहेर गेलेले असतात, आणि त्याचं उत्तर वजा येतं. ही तुलना एका ओळीत होते आणि चिन्ह हरवलेल्या फोटोवरही करता येते, कारण तिला फक्त आकड्यांचा लहानमोठेपणा लागतो.

असाच प्रश्न कधी थोड्या फरकाने येतो. दुसऱ्या समीकरणात पाणी वाफेच्या रूपात असतं, H₂O(g), आणि आकडा −241.8. तिसऱ्यात मात्र ते द्रवच असतं. फोटोत कंसातलं अक्षर नीट दिसलं नाही, तर दोन्हीकडचं पाणी एकच समजून काटलं जातं आणि उत्तर +270.6 येतं, म्हणजे बरोबर 44 किलोज्यूलनी जास्त. एक मोल पाण्याची 25 अंश सेल्सियसला वाफ करायला लागणारी हीच उष्णता. वाफ आणि द्रव पाणी एकमेकांना काटत नाहीत. मध्ये H₂O(g) → H₂O(l), ΔH = −44.0 kJ ही चौथी ओळ घालावीच लागते. कंसातलं अक्षर वाचता येत नसेल, तर इथे शेजारचा आकडाच साक्ष देतो: 285.8 असेल तर द्रव, 241.8 असेल तर वाफ. या प्रकरणात पाठ करण्यासारखे आकडे फार थोडे आहेत, त्यांत हे दोन नक्की बसतात. कार्बनशेजारी ग्रॅफाइट लिहिलेलं असतं तेही अशाचसाठी. हिरा जाळला तर दर मोलामागे सुमारे 1.9 किलोज्यूल अधिक मिळतात.

या पद्धतीची एक मर्यादा पुस्तकांत क्वचितच सांगितलेली असते. 226.6 हा आकडा दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून आला आहे, 1299.4 आणि 1072.8. अ‍ॅसिटिलीनच्या ज्वलनाच्या मोजणीत अर्ध्या टक्क्याची चूक झाली, तर ती साडेसहा किलोज्यूलची असेल. 1299 पुढे ती किरकोळ वाटते, पण 226.6 मध्ये ती जवळजवळ तीन टक्के होते. मोठे आकडे वजा करून लहान आकडा काढला की मोजणीतली चूक अशी वाढते. म्हणूनच ज्वलनाची उष्णता मोजणारे शास्त्रज्ञ टक्क्याच्या बारीकशा अंशासाठी झगडले. आजच्या तक्त्यांत अ‍ॅसिटिलीनचा आकडा सुमारे 227 किलोज्यूल दिलेला असतो, आणि वेगवेगळ्या पुस्तकांत तो दशांशात थोडा इकडेतिकडे असतो. परीक्षेत मात्र दिलेल्याच आकड्यांवरून उत्तर काढायचं असतं. तक्त्यातला आकडा आठवतो म्हणून तोच लिहिणं बरोबर नाही.

आणि +226.6 चा अर्थ कागदापुरता नाही. समीकरण उलटवून पाहा: C₂H₂ → 2C + H₂, ΔH = −226.6 kJ. म्हणजे अ‍ॅसिटिलीनला उष्णता सोडण्यासाठी ऑक्सिजनचीही गरज नाही. तो नुसता मोडला, तरी बरीच उष्णता बाहेर पडते, ती शेजारच्या रेणूंना मोडते, आणि दाबाखाली असेल तर स्फोट होतो. म्हणून हा वायू इतर वायूंसारखा सिलिंडरमध्ये नुसता दाबून भरत नाहीत. सिलिंडरच्या आत सच्छिद्र पदार्थ ठासलेला असतो, त्यात अ‍ॅसिटोन मुरवलेलं असतं आणि वायू त्यात विरघळून राहतो. वेल्डिंगवाले ज्याला डीए सिलिंडर म्हणतात, तो हाच विरघळवलेला अ‍ॅसिटिलीन. भारतात त्याचा रंग तपकिरी लाल असतो आणि ऑक्सिजनचा काळा. तो वापरताना उभाच ठेवतात, नाहीतर वायूबरोबर अ‍ॅसिटोनही बाहेर येतं. रेग्युलेटरमधून पुढे जाणारा दाबही साधारण एक बारच्या आतच ठेवतात.

हे 226.6 किलोज्यूल वायूत कुणी भरले? कार्बाईडवर पाणी पडलं की अ‍ॅसिटिलीन सुटतो, आणि त्या वेळी भांडं चांगलं तापतं. दर मोलामागे सुमारे 128 किलोज्यूल बाहेर पडतात. इतकी उष्णता सोडूनही तयार झालेल्या वायूत साठा शिल्लक राहतो, कारण किंमत त्याआधीच चुकवलेली असते. कार्बाईड बनवायला चुनकळी आणि कोक विजेच्या भट्टीत सुमारे 2000 अंशांना तापवतात. 1892 मध्ये थॉमस विल्सन यांनी अमेरिकेत हा मार्ग रूढ केला. त्या भट्टीतल्या CaO + 3C → CaC₂ + CO या अभिक्रियेला दर मोलामागे सुमारे 465 किलोज्यूल द्यावे लागतात. भट्टीची आणि पाण्याची ही दोन समीकरणं घ्या, त्यांना CaO, CO, पाणी आणि Ca(OH)₂ यांच्या घडणीची समीकरणं योग्य गुणकांनी जोडा, आणि नको ते पदार्थ काटा. तिथूनही उरतं ते हेच: दोन कार्बन, एक हायड्रोजन, आणि सुमारे 227 किलोज्यूल.